काय-वर्गात रुपये घालू नकोस, बिलं मोज

सदाशिव पेठेतल्या त्या दुकानाची वारांनुसार विक्रीची घडी मागच्या वर्षीपेक्षा बदलली का, हे काय-वर्ग चाचणीने तपासताना तू गल्ल्याची रक्कम घातलीस, तिथेच चूक झाली. अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे बघणारी ही चाचणी फक्त मोजलेल्या नगांवर चालते.

बिलं घेऊन बघ. एकूण 500. मागच्या वर्षीच्या वाट्यानुसार सोमवार ते शुक्रवार रोज 60, शनिवार-रविवारी 100-100 अपेक्षित. प्रत्यक्षात 48, 55, 63, 66, 58, 108, 102. प्रत्येक वारी फरकाचा वर्ग करून अपेक्षित संख्येने भाग. सोमवारचे 144 भागिले 60, म्हणजे 2.4. सातही वारांची बेरीज साधारण 4.31. मुक्तांश, म्हणजे वारांच्या संख्येतून एक वजा, 6; त्यासाठी पाच टक्के पातळीची मर्यादा 12.59, आणि आपली बेरीज तिच्या बरीच खाली. म्हणजे सोमवार पडलेला दिसला तरी घडी बदलली असं म्हणायला पुरावा नाही.

आता सरासरी बिल 200 रुपयांचं धरून हेच आकडे रुपयांत मांडलेस, तर उत्तरही 200 पट, सुमारे 863! पैशांत मांडलंस तर आणखी शंभरपट. दुकान तेच, ग्राहक तेच.

आणखी एक बघ: गणपतीत एकाच सोसायटीच्या ऑर्डरची वीस बिलं फाटली असतील, तर ती वीस स्वतंत्र खरेद्या नव्हेत. त्यांचं एकच धर. आणि अपेक्षित वाटा याच 500 बिलांवरून काढू नकोस.