केशर, सेरोटोनिन, डोपामिन: आधी मात्रेचा हिशेब करू

प्रश्न: केशरातलं क्रोसिन डोपामिन वाढवतं आणि सफ्रानल सेरोटोनिन, असं वाचलं. आईचं काही महिन्यांपासून मन लागत नाही, फार काही नाही, पण उदास असते. रोज दुधात चार काड्या दिल्या तर उपयोग होईल का? आम्ही इंदूरलाच राहतो.

उत्तर: दूध द्यायला हरकत नाही. मात्र चार काड्यांनी सेरोटोनिन-डोपामिन ही मेंदूतली रसायनं वाढतील असं धरून चालू नका. मी इंदुरातच फार्मसीच्या मुलांना फार्माकॉलॉजी शिकवते. तुम्ही वाचलेलं वाक्य ज्या प्रयोगातून आलंय तो मी वर्गात नेहमी घेते, कारण अंदाज आणि मोजमाप यांतला फरक त्यात स्पष्ट दिसतो.

२००४ साली इराणमधल्या मशहदच्या संशोधकांनी छोट्या उंदरांना, म्हणजे माउसना, क्रोसिन आणि सफ्रानल वेगवेगळं दिलं आणि त्यांना पाण्याच्या उभ्या नळकांड्यात सोडलं. उंदीर आधी धडपडतो, मग हात-पाय गाळून नुसता तरंगत राहतो. नैराश्यावरचं औषध दिलं की हा तरंगण्याचा वेळ कमी होतो. क्रोसिन आणि सफ्रानल दोन्हींनी तो कमी झाला. पुढे एक बारीक फरक दिसला. सफ्रानल दिलेले उंदीर जास्त पोहले, तर क्रोसिन दिलेले भिंतीवर जास्त चढू पाहत होते. सेरोटोनिनवर काम करणारी औषधं पोहणं वाढवतात आणि नॉरॲड्रेनॅलिन या मेंदूतल्याच दुसऱ्या रसायनावर काम करणारी चढणं वाढवतात, हे त्याआधी मोठ्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर, पाहिलेलं होतं. त्यावरून निष्कर्ष निघाला की सफ्रानल सेरोटोनिनमार्फत काम करत असावं, आणि क्रोसिन डोपामिन-नॉरॲड्रेनॅलिन पेशीत परत खेचले जाण्याची क्रिया अडवत असावं.

यातलं ‘असावं’ महत्त्वाचं आहे. हा निष्कर्ष उंदराच्या हालचालीवरून काढलेला होता, मेंदूतली रसायनं मोजून नव्हे. शिवाय पोहणं-चढणं ही विभागणी रॅटवर जितकी पक्की बसते तितकी माउसवर बसत नाही. २०१३ साली दुसऱ्या एका गटाने रॅटना केशराचा पाण्यातला अर्क टोचला आणि मेंदूतली रसायनं खरोखर मोजली. डोपामिन वाढलं, सर्वांत मोठ्या मात्रेला ठळकपणे, आणि त्या मात्रेला ग्लुटामेट हे आणखी एक रसायनही वाढलं. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन मात्र हललं नाही. पाण्यात क्रोसिन सहज उतरतं, सफ्रानल फारसं उतरत नाही, म्हणून क्रोसिन आणि डोपामिनची जोडी इथे थोडी बळकट झाली. सेरोटोनिनची बाजू अजूनही बरीचशी अंदाजावरच उभी आहे.

आता मात्रेकडे येऊ. मला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, आणि जाहिरातीत नेमका तोच नसतो. मशहदच्या प्रयोगात क्रोसिनची सर्वांत लहान मात्रा किलोमागे ५० मिलिग्रॅम होती. माउसची मात्रा माणसाला लावताना रूढ पद्धतीने ती साधारण १२.३ ने भागतात, म्हणजे किलोमागे जेमतेम ४ मिलिग्रॅम आले. आईचं वजन ६० किलो धरलं तर दिवसाला सुमारे २४० मिलिग्रॅम क्रोसिन. तेहरानच्या काही चाचण्यांत नैराश्याच्या रुग्णांना दिवसाला केशराचा ३० मिलिग्रॅम अर्क कॅप्सूलमधून दिला होता. त्यात क्रोसिन होतं साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे सत्तरपट कमी. सफ्रानलची तर तुलनाच नको. त्याच हिशेबाने माणसाला सातशे मिलिग्रॅमच्या आसपास लागेल, आणि कॅप्सूलमधून दिवसाला एक मिलिग्रॅमही जात नाही.

त्यात माउसना हे पोटात टोचून दिलं होतं. आपण क्रोसिन गिळतो तेव्हा आतड्यात त्याच्या साखरा सुटतात आणि रक्तात जातं ते मुख्यतः क्रोसेटिन. म्हणजे ज्या रेणूबद्दल दावा केला जातो, तो त्या रूपात मेंदूपर्यंत फारसा पोचतच नाही. क्रोसेटिन मेंदूत शिरू शकतं. त्यामुळे केशराचा परिणाम होत असेल तर तो दाह कमी होण्यातून किंवा मज्जापेशींच्या वाढीला मदत करणाऱ्या प्रथिनांतून होत असेल, असंही मांडलं जातं. मला ही दिशा जास्त पटते, पण तीही अजून मांडणीच आहे.

परिणाम होतो का, हा प्रश्न वेगळा. तेहरानमधल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सौम्य ते मध्यम नैराश्याच्या ४० रुग्णांना सहा आठवडे केशराचा ३० मिलिग्रॅम अर्क किंवा नैराश्यावरचं नेहमीचं औषध फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम दिलं आणि दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. गट मात्र लहान होते, आणि बिनऔषधी कॅप्सूलचा तिसरा गट नव्हता. तुमच्या आईच्या स्थितीच्या जवळची चाचणी २०१७ ची आहे. त्यात आजाराचं निदान नसलेल्या, पण मन खालावलेल्या १२८ प्रौढांना चार आठवडे एक प्रमाणित अर्क दिला. २८ मिलिग्रॅमला फरक पडला, २२ ला पडला नाही.

आता तुमच्या चार काड्या. सुमारे दीडशे फुलांतून एक ग्रॅम केशर निघतं आणि प्रत्येक फुलात तीन तंतू असतात, म्हणजे एक तंतू साधारण दोन मिलिग्रॅमचा. चार काड्यांचे आठ-नऊ मिलिग्रॅम झाले, आणि चांगल्या केशरात त्यातलं क्रोसिन एक मिलिग्रॅमच्या जरा वर. चाचण्यांतल्या मात्रेजवळ जायला पंधराएक तंतू लागतील. दूध खळखळ उकळलं की घरभर जो वास सुटतो ते उडून जाणारं सफ्रानल असतं, म्हणून काड्या कोमट दुधात भिजवून ठेवलेल्या बऱ्या.

हे सगळं केशर खरं असेल तरच. सियागंजच्या बाजारातून सुटं आणलंत तर दोन काड्या वाटीभर कोमट पाण्यात टाकून पंधरा मिनिटं पाहा. खऱ्या काडीतून पिवळा रंग हळूहळू उतरतो आणि काडी लालच राहते. पाणी लगेच लाल झालं आणि काडी पांढुरकी पडली तर ती रंगवलेली आहे. फुगल्यावर काडीचं एक टोक तुतारीसारखं उमललेलं दिसायला हवं. करडईच्या पाकळीत ते दिसत नाही, ती फुगल्यावर नळीसारखी आणि टोकाला चिरलेली दिसते.

आई आधीपासून एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन अशी नैराश्यावरची गोळी घेत असतील तर दुधातल्या चार काड्यांची चिंता नको, पण केशराच्या कॅप्सूल मनाने सुरू करू नका. सेरोटोनिनचा अंदाज खरा निघाला तर परिणाम एकमेकांत मिसळू शकतात. हात थरथरणं, घाम, अस्वस्थता, जुलाब हे एकत्र दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पूर्वी कधी अति उत्साहाचे झटके येऊन गेले असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

काही महिने मन लागत नसेल तर केशराच्या आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, वाढत्या वयात यातून उदासी पुष्कळदा निघते. झोप आणि जेवण बिघडलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगण्यात अर्थ नाही असं काही त्यांच्या तोंडून आलं, तर अजिबात थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.