विसर्जनाचा टेम्पो सजवताना तोल कसा सांभाळायचा?

प्रश्न: आमच्या मंडळाची मूर्ती साडेपाच फुटी आहे. दांडिया बाजारातून नवलखीच्या तलावापर्यंत टेम्पोने न्यायची. सांगाडा, फुलं, कापड लावल्यावर गाडी एका बाजूला झुकू नये म्हणून काय करावं?

उत्तर: आधी मूर्ती, मग सजावट. मूर्तीचा पाट मागच्या चाकांच्या आसाच्या जरासा पुढे, रुंदीच्या बरोबर मध्ये ठेवा. पाट आसाच्या मागे गेला तर चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट धरत नाही.

बांबूचा सांगाडा फाळक्याला नाही, खालच्या लोखंडी हुकांना बांधा. झेंडूच्या माळा कमरेपर्यंतच दाट ठेवा, वर विरळ. ताजेपणासाठी पाणी मारलं की त्या चांगल्याच जड होतात, हे आमच्या पोरांच्या लक्षातच येत नाही! मागचं कापड सलग ताणू नका, ते वाऱ्यात शिडासारखं फुगतं. मध्ये झडपा कापा.

गेल्या वर्षी आमची गाडी डावीकडे झुकली होती. मागच्या दोन्ही चाकांवर टायर आणि मडगार्डमधलं अंतर मोजलं, तर डावीकडे दोन बोटं कमी. कारण जनरेटर त्या बाजूला होता, वर तिथेच चार पोरं बसलेली. जनरेटर केबिनमागे मध्यावर आणला, पोरांना खाली उतरवलं, आणि अंतर जुळलं. हे माप सगळी सजावट झाल्यावर, सपाट जागेवर घ्या.

परतताना मूर्तीचं खालचं वजन नसतं, म्हणून तलावावरच कापड आणि वरची कमान उतरवून घ्या.