मिडहेव्हन वाचण्याआधी वेळ आणि गाव तपासा

भाऊ, कुंडलीतल्या दशम म्हणजे व्यवसायाच्या भावाचा अर्थ लावायची घाई नको, आधी मिडहेव्हनचा अंश पक्का करा. जन्मक्षणी आकाशातल्या याम्योत्तर रेषेवर असलेला राशिचक्राचा हा बिंदू साधारण 4 मिनिटांत 1 अंश सरकतो. आपल्याकडे घरी झालेल्या जन्माची वेळ "गाई सोडल्या तेव्हा" अशीच सांगतात.

समजा, 8:30 ला मिडहेव्हन वृषभ 28 अंशांवर आहे. 8:45 धरली तर ते मिथुनेत दीड अंशाच्या आसपास जातं. स्वामी शुक्राऐवजी बुध होतो: कापड, दागिने, कलेची ओळख जाऊन हिशेब, शिकवणं, लिखाण येतं. म्हणून दोन्ही वेळांच्या कुंडल्या काढा आणि स्वामी बदलत असेल तर व्यवसायाबद्दल ठाम बोलू नका.

दुसरी चूक गावाची. यादीत आपलं खेडं नाही म्हणून लोक सरळ नागपूर टाकतात. बुलडाण्याकडचा जन्म असेल तर रेखांशात सुमारे 3 अंशांचा फरक, आणि मिडहेव्हनही जवळपास तितकंच चुकतं! तालुक्याचं ठिकाण टाका.

मग क्रम असा:
- मिडहेव्हनची राशी: लोक तुम्हाला कशासाठी ओळखतात.
- तिचा स्वामी कोणत्या भावात: ती ओळख कुठून येते.
- मिडहेव्हनच्या 5 अंशांच्या आत ग्रह असल्यास त्याला जास्त वजन.

रोजची राबणूक षष्ठात पाहतात, दशमात नाही. आणि पंचांगातली निरयन राशी इथे मिसळू नका, आपली ही कुंडली पाश्चात्य सायन पद्धतीची आहे आणि दोन्हींत सुमारे 24 अंशांचं अंतर पडतं.

एक पूर्ण राशी म्हणजे एक भाव धरणाऱ्या पूर्णराशी पद्धतीत मिडहेव्हन नवव्या किंवा अकराव्या भावातही दिसेल. ती चूक नव्हे. सध्या भाव पाडायला प्लॅसिडस पद्धतच वापरा, तिच्यात दशम भाव मिडहेव्हनपासूनच सुरू होतो.