वडिलांच्या शुगरच्या गोळ्या: ब्रँडेड सोडून जेनेरिक घ्याव्यात का?

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे, तासगावला असतात. बारा वर्षांपासून डायबेटीस. ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर अशी एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ. १५ गोळ्यांची स्ट्रिप १६५ रुपयांना पडते. मेडिकलवाला म्हणतो जेनेरिक देतो, १० ची स्ट्रिप ४५ ला, वर एमआरपी ९० आहे. घ्यावी का? शुगर वाढणार नाही ना?

उत्तर:

मी सांगलीत बरीच वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा होतो, त्यामुळे आधी हिशेब. स्ट्रिपवर जाऊ नका, गोळीवर या. आताची गोळी ११ रुपयांना पडते, महिन्याच्या ६० गोळ्यांचे ६६०. जेनेरिक साडेचारला, म्हणजे २७०. पण ‘निम्म्या किमतीत देतो’ याला भुलू नका. दुकानात मिळणाऱ्या अशा जेनेरिकवर एमआरपी मुळातच चढवून छापलेली असते आणि दुकानदाराची खरेदी त्याच्या बरीच खाली असते. म्हणून पंतप्रधान जनऔषधी केंद्रातला भावही विचारा. तिथे छापील किंमतच कमी असते, घासाघीस नाही.

आता औषधाचं. घटक तेच आणि मात्रा तीच असेल, तर नाव बदलल्याने शुगर वाढायचं कारण नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात बघा: विकणारी कंपनी एक आणि बनवणारी भलतीच, असं ब्रँडेडमध्येही सर्रास असतं. निकृष्ट ठरलेल्या औषधांची यादी केंद्र सरकारचं औषध नियंत्रण खातं दर महिन्याला काढतं, तीत दोन्ही प्रकारची नावं येतात.

चुकतं ते ‘एसआर’ या दोन अक्षरांपाशी. एसआर म्हणजे मेटफॉर्मिन पोटात हळूहळू सुटतं. त्याऐवजी साधं मेटफॉर्मिन हातात पडलं तर काहींना जुलाब, मळमळ सुरू होते आणि मग जेनेरिकलाच दोष दिला जातो. दुसरी गफलत ग्लिमेपिराइडच्या आकड्याची. १ च्या जागी २ आली तर साखर खाली जाऊ शकते, आणि या वयात वाढलेल्या साखरेपेक्षा तीच जास्त घातक. तेव्हा ब्रँडचं नाव विसरा, पण दोन्ही घटक, दोन्ही आकडे आणि एसआर एवढं जुन्या स्ट्रिपशी अक्षर न् अक्षर जुळवा. काही कंपन्या एसआरऐवजी ‘ईआर’ किंवा ‘प्रोलाँग्ड रिलीज’ छापतात, ते चालतं. ही गोळी मोडून किंवा कुटून मात्र देऊ नका. कधी शौचात गोळीचं मऊ टरफल दिसलं तर घाबरू नका, औषध शोषलं गेलेलं असतं.

डॉक्टरांना आधी सांगा आणि चिठ्ठीवर घटकांची नावं लिहून घ्या. चिठ्ठीत ब्रँड लिहिलेला असताना दुकानदाराने मनाने दुसरी कंपनी देणं नियमात बसत नाही. म्हणजे उद्या काही झालं तर तो हात वर करणार. बिल घ्याच, बॅच नंबरसकट. बिल नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कशाच्या जोरावर करणार?

बदलायच्या आधी आठवडाभर जुन्या गोळीवर उपाशीपोटी साखर ग्लुकोमीटरवर लिहून ठेवा. मग बदला, आणि पुढचे दोन आठवडे त्याच वेळी, त्याच मशीनवर मोजा. एकेका आकड्यावर जाऊ नका, मशीन स्वतःच दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे दाखवतं. समजा आधी सरासरी १३५ होती आणि नंतर १४२ आली, तर काहीच बदललेलं नाही. जेवण तेच असून १७० च्या आसपास राहायला लागली तर डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांनी एचबीए१सी करा, खरा निकाल तो. या काळात दुसरं काही बदलू नका: नवीन गोळी नको आणि कुणी सांगितलेला कारल्याचा रसही नको. नाहीतर कशाने काय झालं ते कळायचं नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र घरात होतो. जुनी अर्धी स्ट्रिप डब्यात, नवी पिशवीत, रंग वेगळे. वडील दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतात आणि ग्लिमेपिराइड दुप्पट होतं. घाम, हाताला कंप, एकाएकी भूक किंवा बरळणं असं दिसलं तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि मग काहीतरी खायला द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी परत उतरू शकते, त्यामुळे बरं वाटलं तरी डॉक्टरांना फोन कराच. जुनी स्ट्रिप संपल्यावरच नवी वडिलांच्या हातात द्या.

जनऔषधीत एखाद्या महिन्यात माल नसतो, आणि पुरवठादार बदलला की गोळीचा रंग-आकारही बदलतो. म्हणून दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच दुकानात जा. वडिलांना पुढे इन्शुलिन लागलं तर त्याला हे सगळं लावू नका. तिथे ब्रँड बदलायचा तो डॉक्टरांनीच.