मुंबईच्या दमट सकाळी हाफ मॅरेथॉन: वेग आणि पाणी कसं ठरवायचं?

"पुण्यात थंडीत माझी हाफ मॅरेथॉन दोन तासांत होते. मुंबईत पावसाळ्याच्या शेवटी धावलो की बारा-चौदा किलोमीटरनंतर जीव कासावीस होतो, भरपूर पाणी पिऊनही. माझी तयारी कमी पडते का?"

हाच प्रश्न घेऊन एक बेचाळीस वर्षांचे शिक्षक माझ्याकडे आले होते. आदल्या वर्षी मुंबईत ते पुण्याच्याच वेगाने, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंदांनी सुटले आणि चौदाव्या किलोमीटरपासून चालत आले. त्यांची सरावाची वही पाहिली तर तयारीत काहीच खोट नव्हती. वहीत हवामानाचा रकानाच नव्हता, तो आम्ही घातला.

त्यात आर्द्रतेची टक्केवारी लिहायची नाही, असं मी त्यांना सांगितलं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे आर्द्रता नव्वद टक्के असली तरी धावायला त्रास होत नाही, कारण हवा थंड असते आणि थंड हवेत मुळात बाष्प कमी मावतं. हवेत बाष्प किती आहे ते दवबिंदू सांगतो, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव पडू लागतं ते तापमान. त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. दवबिंदू १० असताना घाम जितक्या जोमाने उडतो, त्याच्या जवळपास निम्म्याच जोमाने तो दवबिंदू २५ असताना उडतो. बाकीचा घाम नुसता ओघळतो, आणि ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. मग हृदयाला स्नायूंबरोबर त्वचेलाही जास्त रक्त पुरवावं लागतं, आणि तोच वेग जड होतो.

धावपटूंमध्ये एक ठोकताळा चालतो. तापमान आणि दवबिंदू यांची बेरीज करायची. सेल्सिअसमध्ये ती २० च्या आत असेल तर वेगाला हात लावायचा नाही. ३७ ते ४२ असेल तर दोन ते तीन टक्के सावकाश, ४८ ते ५३ असेल तर साडेचार ते सहा टक्के. ६४ च्या वर जोरात धावायचंच नाही. हा प्रशिक्षकांच्या अनुभवातून आलेला अंदाज आहे. दमट हवेची सवय नसेल तर त्यातला वरचा आकडा धरावा.

शर्यतीच्या पहाटे साडेपाचला तापमान २६, दवबिंदू २५, म्हणजे बेरीज ५१. साडेसातला तापमान २८ होणार होतं, दवबिंदू तोच, बेरीज ५३. इथे बरेच जण फसतात: ऊन वर आलं की अ‍ॅपवर आर्द्रतेचा आकडा उतरतो, पण हवेतलं बाष्प तेवढंच असतं. आम्ही साडेपाच टक्के धरले. ५:४१ म्हणजे ३४१ सेकंद, त्यात १९ मिळवले की बरोबर सहा मिनिटं. पहिले पाच किलोमीटर ६:१०, पुढे ६:००, आणि पंधरानंतर दम उरला तरच वेग वाढवायचा. त्यांनी मनगटावरच्या चिकटपट्टीवर एवढंच लिहिलं होतं: "५ पर्यंत ६:१०".

पाण्याचं गणित आधीच्या मुंबई फेरीत केलं होतं, दादरला बहिणीकडे. धावण्याआधी अंगावर कपडे न ठेवता वजन ६८.२ किलो. तासभर धावून, अंग नीट पुसून ६७.३. मध्ये ३०० मिलिलिटर पाणी प्यायले होते. म्हणजे तासाला १.२ लिटर घाम, आणि सव्वादोन तासांत सुमारे २.७ लिटर. तो सगळा भरून काढायचा नसतो, एवढं पाणी पोटात डुचमळत राहतं. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत, त्यांच्यासाठी १.३ किलोच्या आसपास, ठेवली की पुरतं. म्हणून तासाला साधारण ६०० मिलिलिटर, दर दोन किलोमीटरला अर्धा पेला, आणि त्यातलं निम्मं पॅकेटवर दिलेल्या प्रमाणात कालवलेलं ओआरएस.

"भरपूर पाणी" याबद्दल मात्र मी कडक बोलले. घामापेक्षा जास्त पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटातली अंगठी घट्ट होणं, मळमळ, डोकेदुखी आणि धावल्यावर वजन वाढलेलं दिसणं या त्याच्या खुणा. अशा वेळी आणखी पाणी देणं धोक्याचं असतं. उलट, उकाड्यात अंगावर शहारे येत असतील, बोलणं अडखळत असेल किंवा दिशा कळेनाशी झाली असेल तर घाम येत असला तरी उष्माघाताची शक्यता धरायची. तिथेच थांबायचं, वैद्यकीय मदत बोलवायची, आणि ती येईपर्यंत बर्फाच्या पाण्याने अंग गार करत राहायचं. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे सगळे आकडे आधी डॉक्टरांना दाखवावेत.

सर २ तास ७ मिनिटांत आले, शेवटपर्यंत धावत. बहिणीकडे परत वजन केलं तेव्हा काटा ६७ वर होता, घट पावणेदोन टक्के. रकान्यात त्यांनी ५१ लिहिलं आणि शेजारी पुण्याच्या डिसेंबरचे २४. पुढच्या शर्यतीचा वेग आता ते या रकान्यावरून ठरवतात.