वेळ माग, फोन मागू नकोस

प्रिय मुली,

तुझे पत्र परवा रात्री वाचले. तू संध्याकाळभर खपून भरली वांगी केलीस, फोनमध्ये पाहत जेवलेल्या नवऱ्याने ताट रिकामे झाल्यावर "आज भाजी कोणती होती?" असे विचारले, आणि तू काही न बोलता ओटा पुसायला घेतलास, हे वाचल्यावर मला पुढचे पान लगेच वाचवेना. शेवटी तू विचारले आहेस की जेवायला बसताना त्याचा फोन काढून घ्यायचा नियम करावा का. करू नकोस. त्याच्याकडे वेळ माग, फोन मागू नकोस.

मी हे इतके ठामपणे लिहिते, कारण मी नेमके उलटे केले होते. निवृत्तीनंतर आमच्या ह्यांच्या हातात सतत फोन असे, जेवतानाही. एका रविवारी मुलगा आणि सून जेवायला आलेली असताना मी टेबलावर स्टीलचा रिकामा डबा ठेवला आणि "फोन ह्यात टाका" असे सर्वांदेखत सांगितले. एकतीस वर्षे वर्गात मुलांच्या हातातली वस्तू काढून घेत आले होते. तोच आवाज घरातही लागला. त्यांनी फोन निमूटपणे डब्यात ठेवला, भराभर जेवले आणि उठून गेले. पुढे जवळजवळ दोन वर्षे तो डबा टेबलावर होता, फोन त्यात होता, आणि आमच्या जेवणात बोलणे नव्हते. त्या दिवसांत ते गावाकडच्या धाकट्या भावाच्या डायलिसिसचे निरोप वाचत असत, हे मला फार उशिरा कळले. फोनमध्ये काय आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते. माझी मागणी चुकीची होती असे मी आजही मानत नाही. ताटावर बसलेल्या माणसाने समोरच्याकडे पाहावे, यात गैर काय? पण मी वस्तू मागितली आणि मला वस्तूच मिळाली.

म्हणून बोलण्याची वेळ आधी नीट निवड. तो स्क्रीनमध्ये असताना हा विषय काढशील, तर त्याला ते फटकारणेच वाटेल आणि तो स्वतःचा बचाव करू लागेल. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षे जोडप्यांची संभाषणे अभ्यासली. त्याच्या मांडणीनुसार वादाचे बोलणे जसे सुरू होते, तसेच ते बहुधा संपते. "तू नेहमी", "तू कधीच" अशी सुरुवात झाली की ऐकणारा ऐकणे सोडून उत्तर जुळवू लागतो. तेव्हा रविवारी सकाळी चहाच्या वेळी किंवा दोघे चालायला गेलेले असताना बोल, आणि वाक्य स्वतःपासून सुरू कर: "रात्री जेवताना तुझ्याशी बोलायला मिळत नाही, त्याने मला एकटे वाटते. ताटे मांडल्यापासून हात धुईपर्यंतची वीस मिनिटे आपण दोघांची ठेवू या का?" या वाक्यात फोनचा उल्लेखसुद्धा नाही, हे लक्षात घे. फोन कुठे ठेवायचा, हे त्यालाच ठरवू दे.

वीस मिनिटेच का, तर सुरुवात आणि शेवट दोन्ही ठाऊक असलेली गोष्ट माणूस लवकर मान्य करतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवण्याची रीत सुरू केली, हे तू वाचले असशील. सगळे सातच्या भोंग्याचे कौतुक करतात. मला साडेआठचा दुसरा भोंगा अधिक शहाणपणाचा वाटतो. दीड तासाने सुटका आहे, हे सगळ्या गावाला माहीत असते. तुमच्या घरातही हात धुऊन झाले की तो सोफ्यावर फोन घेऊन बसला तरी तू कपाळाला आठी घालायची नाहीस. तू दिलेला शब्द तूच मोडलास, तर त्याने त्याचा का पाळावा?

आता त्याच्या बाजूची गोष्ट, जी तुझ्या पत्रात एका ओळीत उरकली आहे. तो परदेशी ग्राहकांच्या कामावर आहे आणि रात्रीही त्याला फोन येऊ शकतो. अशा माणसाला फोन पूर्ण बंद करायला सांगितले, तर त्याचे मन सारखे फोनकडेच राहील. बहुतेक फोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करून निवडक क्रमांकांना मुभा देता येते. त्यात त्याच्या कार्यालयाचा एक क्रमांक आणि दोघांचे आईवडील ठेवा. एकच माणूस थोड्या वेळात पुन्हा फोन करत असेल तर तो कॉल येऊ देण्याची सोयही असते. मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पण घंटी चालू राहू द्या. टेबलावर पालथा ठेवलेला फोन उपयोगाचा नाही, कारण तो थरथरला की बोलता बोलता नजर तिकडे जाते आणि वाक्य तिथेच तुटते.

आणखी एक. तो कामावरून येतो तेव्हा थकलेला असतो, आणि ते स्क्रोल करणे हीच त्याची विश्रांती असते. ती हिरावून लगेच गप्पांची अपेक्षा धरू नकोस. घरी आल्यावर पंधरा-वीस मिनिटे त्याला खुशाल फोन पाहू दे आणि जेवण थोडे उशिरा वाढ. हे लाड नाहीत; हीच खरी देवाणघेवाण आहे.

पहिले तीन-चार दिवस विचित्र जातील. बोलायला काही सुचणार नाही, फक्त चमच्यांचे आवाज ऐकू येतील, आणि तुला वाटेल की यापेक्षा तो फोनच बरा होता. ती शांतता भरून काढण्यासाठी घरखर्च, हप्ता, सासूबाईंची तक्रार असले विषय काढू नकोस. नाहीतर वीस मिनिटे म्हणजे रोजची चौकशी, असे त्याच्या मनात बसेल. आमटीला फोडणी कशाची आहे, जिन्यात कोण भेटले, एवढे पुरते. एखाद्या दिवशी तो विसरून फोन घेऊन आलाच, तर "आपली वीस मिनिटे" एवढेच म्हण आणि जेवायला लाग. मोजदाद ठेवू नकोस. आणि ताटाचा फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकण्याची तुझी सवय, जी तू पत्रात अगदी सहज लिहिली आहेस, ती त्या वेळेपुरती बंद कर. मला या बाबतीत जराही सबब ऐकायची नाही.

दोन-तीन आठवड्यांनी फोन दुसऱ्या खोलीत असूनही तो तुझ्याकडे पाहत नसेल, प्रश्नांना एका शब्दात उत्तर देऊन उठत असेल, तर अडचण फोनची नाही, असे समज. तेव्हा त्याला कसला त्रास आहे, हे सरळ विचार. मी दोन वर्षे विचारले नव्हते.

आमचा डबा आता डाळीसाठी वापरते. भावाच्या आजाराचे कळले त्या दिवशी मी ह्यांना म्हटले, "साडेचारला माझ्याबरोबर चहा घ्याल का? मला भाऊजींबद्दल ऐकायचे आहे." ते पाऊण तास बोलत होते, आणि फोन कुठे होता हे मला आज आठवतही नाही.

रविवारी सकाळी बोल. पुढच्या पत्रात तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिही, तुझ्या नको.

तुझ्या बाई