शिमग्यातले ते बरे दिवस

"मॅडम, आमच्या मिस्टरांचा मूड सारखा बदलतो. सकाळी हसत असतात, दुपारी चिडतात, रात्री गप्प. मोबाईलवर वाचलं की बायपोलर असंच असतं. त्यांना तेच झालं असेल का?"

दापोली, गुहागर, चिपळूण, कुठूनही फोन आला तरी प्रश्न साधारण हाच असतो. कधी नवऱ्याबद्दल, कधी कॉलेजात जाणाऱ्या मुलीबद्दल. मी आधी एवढंच विचारते की या बदलांमागे काही घडलेलं असतं का? पैशांवरून बोलणं झालं, जेवायला उशीर झाला, बोट रिकामी परत आली, असं काही? बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. कारण सरलं की मूडही निवळतो, आणि माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उठून कामाला जातो. मूड एका दिवसात तीनदा बदलतो, एवढ्यावरून त्याला बायपोलर म्हणता येत नाही. या आजारात मनःस्थिती एका टोकाला जाते आणि तिथे दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे मुक्काम करते. तिच्याबरोबर झोप, भूक, बोलणं, खर्च, सगळं बदलतं. घरात काय घडतंय याच्याशी तिचा फारसा संबंध राहत नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एका घराची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणू.

वहिनी भाऊंना घेऊन आल्या तेव्हा आषाढ चालू होता. चौतिशीचा, आंबा-काजूची बाग करणारा माणूस. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. प्रश्न विचारला की उत्तर यायला इतका वेळ लागायचा की वहिनीच मध्ये बोलायच्या. महिनाभर अंघोळीसाठीसुद्धा सांगावं लागत होतं. पहाटे चारला जाग यायची आणि छताकडे बघत पडून राहायचे. जेवण निम्म्यावर आलेलं. एकच वाक्य पुन्हा पुन्हा: "माझ्यामुळे घर बुडालं."

घरच्यांना कारण माहीत होतं. हंगामात मोठं नुकसान झालं, डोक्यावर कर्ज झालं, म्हणून मन खचलं. सासूबाईंनी देवळात कौल लावला होता. जवळच्या डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी सुरू करू म्हटलं होतं. ऐकणाऱ्याला सगळं सरळ वाटावं असंच होतं.

पहिल्या भेटीत मी दोनच गोष्टी केल्या. भाऊंना थेट विचारलं, "जगू नये, स्वतःला संपवावं असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत खरी नाही. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग फवारणीची औषधं कुठे ठेवता ते विचारलं. पडवीतल्या फळीवर होती. त्याच संध्याकाळी ती थोरल्या भावाकडे कुलपात गेली, रात्री त्यांच्याजवळ कोणीतरी झोपायचं ठरलं आणि मनोविकारतज्ज्ञांची लगेचची वेळ घेतली. बाकी सगळं यानंतर.

दुसरी गोष्ट म्हणजे मी वहिनींना घरातली हिशेबाची वही आणायला सांगितली. मी माणसाचं बालपण उकरण्याआधी त्याचा दिनक्रम बघते. कधी झोपला, कधी उठला, दिवसभर किती माणसांशी बोलला, हातून पैसा कसा गेला. आठवण नंतरच्या दुःखाच्या रंगात रंगते. त्या त्या दिवशी लिहिलेला कागद तसा रंगत नाही.

वही आली. मार्चच्या सुरुवातीची पानं बारीक, सरळ अक्षरातली होती: राखणदाराची मजुरी, फवारणी, पेट्यांची ऑर्डर, एका ओळीत एक नोंद. शिमग्याच्या सुमारास अक्षर मोठं झालं. मग ओळी सुटल्या. समासात फोन नंबर, बाण, बेरजांवर बेरजा. एका पानावर मजुरांची नावं अर्ध्यात सोडून 'दुबई' असं लिहून भोवती चौकट काढलेली, खाली लाखांचे आकडे. दोन-तीन पानांवर वेळही टाकलेली होती: रात्री अडीच, पहाटे साडेतीन. असं वीस-बावीस दिवस. एप्रिलच्या मध्यानंतर नोंदी विरळ झाल्या आणि पुढे पानं कोरीच.

"या दिवसांत भाऊ झोपायचे किती?" मी विचारलं.

"शिमगा होता ना मॅडम. पालखीबरोबर रात्र-रात्र जागायचे."

"पालखी देवळात परत गेल्यावर?"

वहिनी थांबल्या. "तेव्हाही दोन-तीन तासच. पण दमलेले नसायचे हो. पहाटे उठून बागेत. सारखं बोलणं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. रात्री दोनला लोकांना फोन. शेजारच्या चार बागा करारावर घेतल्या, जुनी पिकअप घेतली कर्ज काढून. मी अडवलं तर माझ्यावर हात उगारला, असं कधी केलं नव्हतं त्यांनी. पण ते आजारी नव्हते. तेव्हा तर बरे होते!"

आणि इतका वेळ गप्प असलेले भाऊ मान वर करून म्हणाले, "तेवढेच दिवस मी खरा जगलो."

मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि पिकअप कोणत्या पानावर घेतली ते दाखवायला सांगितलं. त्यांनी पानं उलटली. मोठ्या अक्षरांच्या पानांत अगदी मधोमध बोट ठेवलं. करारसुद्धा तिथेच. म्हणजे झोप आधी गेली, अक्षर आधी सुटलं आणि कर्ज नंतर झालं. नुकसानीमुळे माणूस आजारी पडला असं अख्खं घर सांगत होतं. वहीत क्रम उलटा होता. आजार आधी आला, त्याने नुकसान केलं आणि मग त्याच आजाराचं दुसरं टोक आलं.

भाऊ बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. "म्हणजे मी मुद्दाम नाही बुडवलं?" त्यांनी विचारलं. त्या महिन्याभरात त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. निराश माणसाची 'मीच दोषी' ही समजूत धीर देऊन हलत नाही. ती हलायला त्याच्याच हातचा पुरावा लागतो, असं मी या कामात शिकले आहे आणि तेव्हापासून प्रत्येक घरात वही, डायरी, मोबाईलमधले कॉल असं काहीतरी शोधते.

डॉक्टर ज्याला मेनिया म्हणतात तो हाच. चढलेली किंवा चिडकी मनःस्थिती आणि अंगात वाढलेली ताकद आठवडाभर तरी, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज टिकते. दवाखान्यात ठेवण्याइतकं वाढलं तर कमी दिवसही पुरतात. याचंच सौम्य रूप चार दिवसांपासून पुढे दिसू शकतं. त्यात माणूस नेहमीपेक्षा वेगळा वागतोय हे इतरांना कळतं, पण संसार, कामधंदा मोडत नाही, म्हणून ते बहुधा कोणी सांगतच नाही. डिप्रेशनसाठी निदान दोन आठवडे धरतात. काहींच्या बाबतीत दोन्ही एकत्र येतात, म्हणजे मन काळवंडलेलं आणि अंगात मात्र थांबू न देणारी धावपळ. अशा वेळी आत्महत्येचा धोका जास्त असतो.

मला सगळ्यांत भरवशाची खूण वाटते ती झोपेची. काळजीने झोप उडते तेव्हा माणूस सकाळी पेंगतो, दिवसभर दमलेला असतो. मेनियात झोपेची गरजच कमी होते. तीन तास झोपून माणूस ताजातवाना उठतो आणि असं रोज होतं. एखादी रात्र जागून दुसऱ्या दिवशी उत्साह टिकला, तर लगेच घाबरायचं कारण नाही. दारू, गांजा, थायरॉइड, स्टेरॉइडच्या गोळ्या यांनीही असं चित्र दिसू शकतं. म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचं असतं, मीसुद्धा करत नाही.

मी डॉक्टरांसाठी वहीतल्या तारखांसह एक पानभर टिपण दिलं. वहिनींनी आणखी एक गोष्ट आठवून सांगितली. भाऊंचे एक चुलते असेच 'कधी राजा, कधी कोपऱ्यात' होते. रक्ताच्या नात्यात हा आजार असला तर शक्यता वाढते. या माहितीमुळे उपचाराची दिशा बदलली. बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी दिली, तर काही माणसं तिथून थेट मेनियात जातात. भाऊंना किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्या करून लिथियम सुरू झालं. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी मेनियावर त्याचा उपयोग होतो हे मांडलं होतं. आजही ते महत्त्वाचं औषध आहे.

फक्त त्याला शिस्त लागते. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन त्याचं प्रमाण बघावं लागतं. साधारण लिटरमागे ०.६ ते १.० मिलीमोलच्या दरम्यान ते ठेवतात, नेमकं किती हे डॉक्टर ठरवतात. आपल्याकडच्या उन्हात हे जास्त सांभाळावं लागतं. मे महिन्यात बागेत घाम गाळला, पाणी कमी प्यायलं किंवा जुलाब झाले तर रक्तातलं लिथियम वाढतं. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेतलं तरी वाढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठायचा. सासूबाईंना मी म्हटलं, देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, त्यात गोळी चुकू नये हेही मागा.

भाऊंना उभं राहायला गणपती आले. मग आम्ही पुढच्या शिमग्याची तयारी केली, कारण जागरणानेच त्यांचा आजार भडकतो हे आता तिघांनाही दिसत होतं. ठरलं ते असं: पालखीचं जागरण एकच रात्र, तेही डॉक्टरांना सांगून. ठरावीक रकमेवरचा व्यवहार वहिनींच्या सहीशिवाय नाही. लागोपाठ दोन रात्री पाच तासांहून कमी झोप झाली आणि तरी थकवा नसेल, तर कोणी वाद न घालता डॉक्टरांना फोन करायचा. शेवटची अट भाऊंनी स्वतःच्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. चढलेल्या माणसाला 'तू चढला आहेस' हे बायकोने सांगितलेलं सहन होत नाही, पण स्वतः शांत असताना लिहिलेलं नाकारणं त्याला थोडं जड जातं. पुढच्या मार्चमध्ये फोन त्यांनीच केला. डॉक्टरांनी औषध थोडं बदललं, चार दिवसांत झोप सहा तासांवर आली.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. महिनाभर रोज रात्री तीनच गोष्टी लिहा: किती तास झोपले, उठल्यावर थकलेले होते की नव्हते, आणि चिडण्याआधी काय घडलं होतं. त्याबरोबर गेल्या काही वर्षांत असे चार-आठ दिवस सलग आले का, की जेव्हा ते फारच 'बरे' होते, कमी झोपूनही दमत नव्हते, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. तसे दिवस सापडले तर टिपण घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे जा, जिल्हा रुग्णालयातही विचारता येईल. सापडले नाहीत, तर दोघं मिळून माझ्याकडे या. चिडचिडीच्या मागचं बोलता येईल. जीव देण्याची भाषा कानावर आली तर मात्र महिना थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, त्यांना एकटं सोडू नका आणि काय करावं सुचलं नाही तर १४४१६ या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर कोणत्याही वेळी फोन करा, मराठीत बोलता येतं.